नातेवाईकाला दिलेले उसने पैसे परत येत नाहीयेत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लोकांचे रिटर्न्स भरायचं काम करतो, त्यामुळे दर जुलैमध्ये कुणाचं ना कुणाचं तरी हे निघतंच. एफडी का मोडली, पर्सनल लोन कशाला घेतलं असं विचारलं की माणूस जरा थांबतो, मग हळूच म्हणतो, "अहो, मेव्हण्याला दिले होते." प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो पैसे कसे काढायचे. मी आधी दोन गोष्टी विचारतो, दिले कधी आणि लेखी काय आहे. का ते खाली कळेल.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो म्हणजे आकडे डोक्यात राहतील. समजा तुम्ही कोथरूडला राहता, आणि भोसरीत छोटं वर्कशॉप असलेल्या मावसभावाला 12 जून 2023 ला 5 लाख दिलेत. 2 लाख एफडी मोडून आणि 3 लाख स्वतःच्या नावावर पर्सनल लोन काढून. एनईएफटी केलं, कागद काही नाही, बोलणं एवढंच की "दिवाळीनंतर देतो दादा." मार्च 2024 मध्ये त्याने यूपीआयने 20 हजार दिले, त्यानंतर काहीच नाही.

पैसे मागायला कधीपर्यंत वेळ असतो? आपलेच आहेत ना, कधीही मागता येतील?

मागता कधीही येतील, कोर्टात मात्र नाही. मुदतीचा कायदा 1963 चा आहे आणि उसन्या पैशांसाठी त्यात तीन वर्षं दिलीयेत. मुदत काही ठरलीच नसेल, किंवा "मागशील तेव्हा देईन" असं असेल, तर ही तीन वर्षं पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, तुम्ही पहिल्यांदा मागितले त्या दिवसापासून नाही. लोक नेमके इथेच फसतात, कारण नात्यात पहिलं वर्षभर कुणी मागतच नाही, दुसरं वर्ष "त्याचं जरा टाइट चाललंय" यात जातं आणि तिसऱ्या वर्षी कुणाचं तरी लग्न निघतं. परतीची तारीख लेखी ठरलेली असेल तर त्या तारखेपासून मोजतात. "दिवाळीनंतर" हे तोंडी आहे, उद्या तो म्हणेल असं काही ठरलंच नव्हतं, म्हणून सेफ साइडला पैसे दिल्याचीच तारीख धरा. आपल्या उदाहरणात 12 जून 2026. कॅलेंडरला टाकून ठेवा आणि रिमाइंडर सहा महिने आधीचा लावा, त्याच दिवशीचा लावून काही उपयोग नाही.

तो म्हणतो देतो देतो. मग मुदत पुढे जात नाही का?

तोंडी "देतो" म्हटल्याने काही होत नाही. तुम्ही पन्नास वेळा फोन केलात, मोठ्या मामांना मध्ये घातलंत, वकिलाकडून नोटीस पाठवलीत, पोलिसात अर्ज दिलात, यातल्या कशानेही मुदत एक दिवससुद्धा वाढत नाही. नोटीस पाठवली की घड्याळ थांबतं असं भल्याभल्यांना वाटतं, पण नाही थांबत.

वाढते दोन गोष्टींनी. एक, घेणाऱ्याने स्वतः लेखी आणि सही करून मान्य केलं की एवढे पैसे देणं आहे, की त्या सहीच्या दिवसापासून नवीन तीन वर्षं सुरू. दुसरी, त्याने थोडे पैसे परत दिले आणि ते दिल्याचं त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीनिशी कुठेतरी आहे, तर ते दिल्याच्या तारखेपासून नवीन तीन वर्षं. दोन्हीला एक अट, हे सगळं जुनी मुदत संपायच्या आत व्हायला हवं. आपल्या उदाहरणातले 20 हजार मुदतीतच आलेत, पण नुसती यूपीआयची नोंद आहे, त्याचं लिहिलेलं काही नाही. उद्या तो म्हणू शकतो की ते तुमच्या मुलीच्या वाढदिवसाचे होते. त्यामुळे त्या 20 हजारांच्या भरवशावर मार्च 2027 पर्यंत निवांत बसू नका.

मुदत उलटून गेल्यावरसुद्धा त्याने सही करून लेखी वचन दिलं की मी हे पैसे फेडीन, तर करार कायद्याप्रमाणे तो नवा करार धरला जातो आणि त्यावर दावा करता येतो. पण मुदत गेली हे एकदा त्याच्या लक्षात आलं की असं लिहून कोण देणार, सांगा.

व्हॉट्सॲपवर त्याने कबूल केलंय, ते चालतं का?

पुरावा म्हणून चालतं, आणि नात्यातल्या केसेसमध्ये बऱ्याचदा तेवढंच हातात असतं. पण त्यात रक्कम हवी. "हो रे देतो, टेन्शन नको घेऊस" याचा उपयोग कमी, कशाचे देतो तेच त्यात नाहीये. म्हणून आपण मेसेज असा टाकायचा की उत्तरात आकडा आपोआप येईल. उदाहरणार्थ, "अरे माझा हिशोब लिहीत होतो, जून 23 ला 5 लाख दिले होते, मार्चमध्ये तू 20 हजार परत दिलेस, म्हणजे 4,80,000 राहिले ना? बरोबर आहे का एकदा बघ." यावर तो "हो दादा बरोबर आहे, 4.80 राहिलेत, थोडा वेळ दे" म्हणाला की बरंच काम झालं. यात भांडण नाही, धमकी नाही, हिशोब जुळवतोय एवढंच. मला विचाराल तर या पूर्ण पानातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे आहे.

चॅट डिलीट करू नका, मोबाइल बदलला तरी जुना विकू नका, आणि चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. कोर्टात हे द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, जुलै 2024 च्या आधी ते 65बी म्हणून ओळखलं जायचं. ते वकील करून घेतात, पण मूळ फोन हातात असेल तर सोपं जातं. स्क्रीनशॉटवर फार विसंबू नका.

आणि व्हॉट्सॲप म्हणजे सही का, यावर समोरचा वकील वाद घालणारच. त्यामुळे चॅटवर थांबू नका, ती पहिली पायरी समजा, कागदावर सही घ्यायचीच.

भावाकडून सही कशी मागायची? विचित्र वाटतं.

वाटतं. त्यावर एक सोपा मार्ग म्हणजे कागद सवलतीसोबत द्यायचा. म्हणजे "सही कर" असं न म्हणता "एकदम नको देऊस, महिन्याला 8 हजार दे, पण तसं लिहून ठेवू, घरी हिलाही दाखवायला बरं" असं म्हणायचं. 4,80,000 ला महिना 8 हजार म्हणजे 60 हप्ते, पाच वर्षं. ऐकायला लांब वाटतं पण आत्ता काय येतंय, शून्य. शिवाय त्याच्या वर्कशॉपची अवस्था खरंच नाजूक असेल तर 40 हजारांचा हप्ता लिहून घेऊन पहिल्याच महिन्यात तुटण्यापेक्षा हे बरं.

कागदात फार काही नको, साध्या मराठीत चालतं: "मी, अमुक, राहणार भोसरी, यांनी माझे मावसभाऊ अमुक यांच्याकडून दि. 12/06/2023 रोजी बँकेमार्फत रु. 5,00,000 हातउसने घेतले. त्यापैकी रु. 20,000 मार्च 2024 मध्ये परत केले. आजअखेर रु. 4,80,000 देणे बाकी असल्याचे मी मान्य करतो. सदर रक्कम दरमहा 5 तारखेपर्यंत रु. 8,000 याप्रमाणे बँक ट्रान्सफरने परत करीन. सलग दोन हप्ते थकल्यास उर्वरित सर्व रक्कम एकदम देय होईल." खाली तारीख, त्याची सही, दोन साक्षीदार. शेवटचं दोन हप्त्यांचं वाक्य विसरू नका, नाहीतर थकलेल्या तेवढ्याच हप्त्यांसाठी भांडावं लागेल. एनईएफटीचा यूटीआर नंबर पण घाला, तो स्टेटमेंटवर असतो. किती रुपयांच्या स्टॅम्पवर करायचं ते शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या नोटरीला किंवा वकिलाला आधी विचारा, कमी स्टॅम्पचा कागद नंतर ऐनवेळी अडकतो.

साक्षीदार दोघंही तुमच्याच बाजूचे नकोत. त्याची बायको साक्षीदार म्हणून सही करत असेल तर उत्तम, कारण निम्म्या घरांत वहिनीला हे पैसे घेतलेलेच माहीत नसतात, आणि माहीत झाल्यावर हप्ते जास्त नियमित येतात हे मी बघितलंय.

रोख दिले होते. संपलं का सगळं?

संपलं नाही पण अवघड आहे. इन्कम टॅक्सच्या नियमाने 20 हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेता येत नाही आणि तेवढं रोखीत फेडताही येत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा, आणि तो घेणाऱ्याला किंवा फेडणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. पण पैसे आले कुठून हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. बँकेतून काढले असतील तर त्या दिवसाचं विथड्रॉवल दाखवणारं स्टेटमेंट काढून ठेवा. रोख दिलेल्यांनी वर सांगितलेला व्हॉट्सॲप हिशोब आजच करावा. आणि परत घेताना बँकेतूनच घ्या, तो कितीही म्हणाला की पिशवीत आणून देतो तरी.

मी लोन काढून दिलंय. तो देत नाहीये तर मी हप्ता का भरू?

कारण बँकेच्या कागदावर मावसभाऊ कुठेच नाही, तुम्ही आहात. 3 लाख, 13 टक्के, तीन वर्षं धरलं तर हप्ता साधारण 10,100 रुपये बसतो आणि एकूण व्याज 64 हजारांच्या आसपास. तो नाही देत म्हणून तुम्ही थकवलंत तर खराब होणार तुमचा सिबिल, आणि तो एकदा खराब झाला की उद्या मुलीच्या एज्युकेशन लोनला तुम्ही को-ॲप्लिकंट म्हणून उभे राहिलात की तिथे अडणार. त्यामुळे त्याचा विषय आणि हा हप्ता पूर्ण वेगळे करा. त्याचे पैसे कधीच येणार नाहीत असं धरून महिन्याचं बजेट बसवा, एसआयपी वर्षभर कमी करावी लागली तर करा, आणि त्याच्याकडून जे येईल ते सरळ त्या लोनमध्ये पार्ट पेमेंट म्हणून टाका. आधी बँकेला फोरक्लोजर आणि पार्ट पेमेंटचे चार्जेस विचारा. हा हप्ता भरायला क्रेडिट कार्डवरून पैसे काढू नका, तिथलं व्याज या लोनच्या दुप्पट-तिप्पट असतं.

नेट वर्थचा एक्सेल करत असाल तर त्यात हे 4,80,000 शून्य धरा. मी सगळ्यांना हेच सांगतो आणि सगळे नाराज होतात. पण ते "येणे" म्हणून धरलं की माणूस त्यावर फ्लॅटचं बुकिंग करतो, हे पण पाहिलंय.

त्याच्या बँक लोनला तुम्ही जामीन राहिला असाल तर गोष्ट अजून वेगळी. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, बँक आधी त्याच्या मागे गेलीच पाहिजे असं काही नाही. क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा त्याचं लोन तुमच्या नावापुढे कसं दिसतंय.

तो म्हणतो अजून दोन लाख दे, ऑर्डर आलीये, मग सगळे एकदम फेडतो.

नाही. ऑर्डर खरी असेल तर तो परचेस ऑर्डरवर बँकेकडून घेईल, बँक देत नसेल तर त्याला काहीतरी कारण असेल आणि ते तुम्हाला तो सांगणार नाही. नाही म्हणताना मोठं कारण देऊ नका, "माझंच लोन चालू आहे, बँक देणार नाही मला" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. मावशीचा फोन येईल, गौरी-गणपतीला जेवायला तो तुमच्याच शेजारच्या पाटावर असेल, ते सगळं होणार. तरी नाही.

फॅमिली ग्रुपवर टाकू का? निदान लाजेने तरी देईल.

नको. चारचौघात टाकलं की तो पहिलं काम करेल ते म्हणजे नाकारणं, "मला मदत म्हणून दिले होते, आता मागतोय", आणि मग मगाशी म्हटलेला हिशोबाचा मेसेज तो जन्मात कबूल करणार नाही. वर बदनामीची उलटी नोटीस यायची ती वेगळीच. त्याच्या कामावर जाऊन तमाशा, पोस्टर वगैरे तर नाहीच नाही.

चेक घेतला तर?

चांगला पर्याय आहे, पण त्याची मुदत फार कडक असते, बहुतेक जण तिथे चुकतात. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. भरला, बाउन्स झाला, की बँकेकडून रिटर्न मेमो घ्या. तो कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस त्याला मिळाल्यापासून 15 दिवस त्याला पैसे द्यायला. नाही दिले तर त्यापुढच्या एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. ही कलम 138 ची केस, शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसात जायचं नसतं यात, सरळ मॅजिस्ट्रेटकडे. "थांब रे, पुढच्या आठवड्यात परत भर" असं तो म्हणतो आणि आपण थांबतो, तेवढ्यात 30 दिवस निघून जातात. चेक अजून तीन महिन्यांच्या आत असेल तर परत भरून नव्याने मेमो घेता येतो, नाहीतर नवा चेक मागावा लागतो.

रक्कम न लिहिलेला कोरा चेक सहीसकट घेऊ नका. घेता येतो कायद्याने, पण पुढे "तो सिक्युरिटीला दिला होता, आकडा यांनीच मनाने घातला" यावर दोन वर्षं जातात. आणि मूळ उधारीची मुदत संपून गेल्यावर घेतलेल्या चेकवर वाद फार होतात, त्यामुळे चेक घ्यायचा तर तीन वर्षांच्या आत.

पोलिसात फसवणुकीची तक्रार करता येईल का?

बहुतेक वेळा ठाण्यातून "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" असंच उत्तर येतं आणि ते चूक नसतं. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, म्हणजे खोटी ऑर्डर दाखवली, नसलेली मशीन दाखवली असं काही. धंदा बुडाला म्हणून देऊ न शकणं ही फसवणूक होत नाही.

मग दावा करायचा का? किती उपयोग होतो?

आधी वकिलाकडून नोटीस. त्यात रक्कम, तारखा आणि व्याजाची मागणी लिहा, कारण व्याज आधी ठरलं नसेल तर लेखी मागणी केल्याच्या तारखेपासूनच ते मागता येतं. स्पीड पोस्टने पाठवा आणि डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवा. मग सही केलेला लेखी करार किंवा प्रॉमिसरी नोट हातात असेल तर समरी सूट करता येतो, त्यात समोरच्याला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव करायला कोर्टाची परवानगी मागावी लागते, म्हणजे नेहमीच्या दाव्यापेक्षा गोष्टी लवकर हलतात. लोकअदालतीत दावा दाखल व्हायच्या आधीसुद्धा प्रकरण ठेवता येतं, त्याला कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते, त्यावर अपील नाही. नात्यातल्या माणसासाठी मी हीच वाट आधी सुचवतो. तारीख जवळ आली असेल तर मात्र तडजोडीच्या चर्चेत न रमता आधी दावा दाखल करा, चर्चा नंतरही चालू राहते.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. अंमलबजावणीला बारा वर्षं मिळतात, पण वसूल करायला त्याच्याकडे काहीतरी पाहिजे. नोकरी असेल तर पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून जे राहतं तेवढंच जप्त करता येतं. 31 हजार पगार असेल तर महिन्याला 10 हजार. वर्कशॉपची जागा भाड्याची, मशीन बँकेकडे तारण, घर वडिलांच्या नावावर, असं असेल तर वकिलाची फी आणि तारखांना जाणारे दिवस एकीकडे आणि मिळणारी रक्कम दुसरीकडे ठेवून शांतपणे हिशोब करा. अशा वेळी तीन लाख रोकडा घेऊन मिटवणं पण वाईट नाही, फक्त पैसे खात्यात जमा झाल्यावरच "पूर्ण मिटलं" असं लिहून द्या, आधी नाही.

बुडालेले पैसे टॅक्समध्ये तोटा म्हणून दाखवता येतात का?

पगारदार माणसाने भावाला दिलेले हातउसने, नाही. पगारातून वजा होत नाहीत, कॅपिटल लॉस पण नाही. व्याज मात्र मिळालं तर ते तुमच्या उत्पन्नात धरायचं. मुद्दल परत आलं तर त्यावर टॅक्स नाही.

यात कुणी वारलं तर?

तो गेला तर त्याच्या वारसांकडून मागता येतं, पण त्यांना त्याच्याकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच, त्यांच्या स्वतःच्या कमाईतून नाही. तुम्हाला काही झालं तर येणं तुमच्या वारसांचं होतं, पण त्यांना ते माहीत तर पाहिजे. सही केलेला कागद, बँक स्टेटमेंट आणि मुदत संपायची तारीख हे विम्याच्या पॉलिसींच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते घरात सांगा. मृत्युपत्र करत असाल तर त्यात येण्याची एक ओळ घाला, आणि ते माफ करायचं ठरवलं असेल तर तसंही त्यातच लिहा, म्हणजे तुमच्या मागे मुलगी आणि मावसभाऊ यांच्यात वाद नको.